कण्हेर, घाणेरी आणि भुकेलं जनावर

विषारी पाला जनावराला आपोआप कळतो, असं गावोगावी मानलं जातं आणि त्यात बरंच तथ्य आहे. गायरानाच्या कडेला घाणेरीची जाळी माजलेली असते, देवळामागे कण्हेर फुललेली असते आणि त्यांच्या शेजारून रोज शंभर गुरं जातात. तरी विषबाधा रोज होत नाही. कण्हेरीचं पान कडू आहे, घाणेरीच्या पानाला उग्र वास आहे आणि त्यावरची लव जिभेला खरखरीत लागते. वासरू आईच्या मागे चरताना काय तोंडात घ्यायचं आणि काय सोडायचं हे शिकतं. तरीही दरवर्षी या दोन झाडांनी जनावरं मरतात. अशा घटनांचे तपशील पाहिले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट आढळते: जनावराकडे निवड करण्याची सोय उरलेली नसते. ते उपाशी असतं, त्या रानात नवं असतं, किंवा माणसाने पाला तोडून, वाळवून, कुट्टी करून त्याच्यापुढे टाकलेला असतो. म्हणून ही विषबाधा रोखायची तर झाडाइतकंच लक्ष जनावराच्या भुकेकडे आणि आपल्या कोयत्याकडे द्यावं लागतं. कण्हेर आणि घाणेरी ही दोन उदाहरणं मुद्दाम निवडली आहेत, कारण दोन्ही आपल्याकडे सर्वत्र आहेत आणि दोघींची मारण्याची रीत अगदी वेगळी आहे.

आधी कण्हेर. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक असं सगळंच विषारी आहे. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिची लांबची नातलग असून तीही तितकीच घातक. विषाची मात्रा लक्षात आली की धोका कळतो. जनावराच्या एक किलो वजनामागे सुमारे ५० मिलिग्रॅम वाळलेली पानं प्राणघातक ठरू शकतात. म्हणजे ३०० किलोच्या गाईला १५ ग्रॅम, जेमतेम मूठभर वाळका पाला पुरतो. घाणेरीचं गणित याच्या उलट आहे. तिच्या ओल्या पानांनी बाधा व्हायला ढोबळमानाने जनावराच्या वजनाच्या एक टक्का पाला पोटात जावा लागतो. त्याच गाईला सुमारे तीन किलो. झाडाच्या जातीप्रमाणे हा आकडा बराच बदलतो, पण ग्रॅम आणि किलो यांतला फरक तसाच राहतो. कण्हेर एका घासात घात करते. घाणेरीला त्यासाठी गाईने पोट भरून ती खावी लागते, आणि धडधाकट, पोट भरलेली गाय तसं करत नाही.

कण्हेरीचं विष हृदयावर चालतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा सतत चालू असते. ठोक्यांची लय तिच्यावर अवलंबून असते. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन ही यंत्रणा बंद पाडतं. पेशीत सोडियम साठतं, त्यामागोमाग कॅल्शियम साठतं, आणि ठोके आधी मंद, मग वेडेवाकडे होतात. पाला खाल्ल्यानंतर काही तासांत जनावर चारा सोडतं, लाळ गाळतं, पातळ आणि कधी रक्तमिश्रित हागवण लागते, पोटात कळ येते, कान आणि पाय गार पडतात, चालताना तोल जातो. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने बोटं दाबली की नाडी लागते. प्रौढ गाईची नाडी मिनिटाला साधारण ६० ते ८० असते. ती खूप मंद लागली किंवा दोन ठोके, विराम, मग एकदम तीन ठोके अशी अडखळत चालली, तर कण्हेरीचा संशय घ्यावा. पुष्कळदा मात्र इतकाही अवधी मिळत नाही. संध्याकाळी बरी असलेली गाय सकाळी दावणीलाच मेलेली आढळते.

गाय पडली, पाय गार आहेत आणि ती नुकतीच व्यालेली असेल, तर पहिला अंदाज दुग्धज्वराचा निघतो. दुग्धज्वराचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: शिरेतून कॅल्शियमची बाटली. पण कण्हेरीच्या विषबाधेत हृदयाच्या पेशींत आधीच कॅल्शियम साठलेलं असतं, म्हणून अशा जनावराला कॅल्शियम देणं टाळतात. डॉक्टर येण्याआधी कुणी ओळखीतून बाटली चढवली तर उरलेली आशाही जाऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना फोन करताना ‘गाय पडली’ एवढंच सांगून थांबू नये. कालपासून गव्हाणीत काय टाकलं, कुठे चरली, आसपास कुठे छाटणी झाली, हेही सांगावं. निदानाची निम्मी वाट तिथेच उलगडते.

पण एवढी कडू कण्हेर गाय खाते कशी? या प्रश्नाच्या उत्तरातच माझा मुद्दा आहे. ओली पानं ती सहसा खात नाहीच. पान वाळलं की कडूपणा बराच उतरतो, विष मात्र तसंच राहतं. कुंपण किंवा बाग छाटून फांद्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकल्या आणि चार दिवसांनी तिथे शेळी किंवा वासरू तोंड घालायला गेलं, की झालं. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात, कारण ती कमी पाण्यावर जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिची छाटणी झाली की तोच पाला रस्त्याकडेला पडून वाळतो आणि तिथूनच मेंढरांचे कळप जातात. उभ्या झाडाने जे संरक्षण दिलं, ते तोडलेल्या फांदीने काढून घेतलं.

कुट्टी यंत्राची गोष्ट याहून वाईट. इटलीतल्या एका दुग्ध व्यवसायातली घटना २०२० साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. छाटलेली कण्हेर चिरलेल्या चाऱ्यात मिसळली गेली, गाई मेल्या, आणि जगलेल्या गाईंच्या दुधात ओलिअँड्रिन सापडलं. लांब कडब्यात एखादी परकी फांदी आली तर गाय ती नाकाने बाजूला सारते. कुट्टीत तिला निवडताच येत नाही, त्यातून वर मीठ, पेंड, गूळपाणी शिंपडलेलं असतं. आपल्याकडे बांधावरचं गवत कापून आणून थेट यंत्रात घालायची सवय वाढत आहे. त्या भाऱ्यात बांधावरच्या कण्हेरीची एक डहाळी गेली की ती साऱ्या गव्हाणीत पसरते. म्हणून भारा यंत्राला लावण्याआधी मोकळा करून पसरून पाहावा. कण्हेरीचं पान ओळखायला सोपं आहे: लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, चामड्यासारखं जाड, मधली शीर ठळक आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना जवळजवळ काटकोनात निघालेल्या बारीक समांतर शिरा. फांदीवर एका पेराला बहुधा तीन पानं असतात. हे वर्णन मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनातही कामी येतं, कारण अशा जनावराच्या पोटात पानांचे तुकडे बऱ्याचदा ओळखू येतील असे सापडतात. शवविच्छेदन मात्र पशुवैद्यकांनीच करावं. अचानक मेलेलं जनावर फाशी रोगानेही मेलेलं असू शकतं आणि ते उघडणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

घाणेरीची कहाणी संथ आहे. टणटणी, रायमुनिया अशीही तिची नावं. मूळची अमेरिकेतली ही झुडपं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची म्हणून भारतात आली, पाखरांनी फळं खाऊन बी पसरवलं आणि आज सह्याद्रीच्या उतारांपासून विदर्भातल्या जंगलांपर्यंत त्यांनी कुरणं गिळली आहेत. तिच्या पानांतली लँटाडिन नावाची द्रव्यं यकृतावर परिणाम करतात. यकृतातून पित्त वाहणं थांबतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडतं.

जूनच्या सुरुवातीचा एक प्रसंग कल्पून पाहू. आठवडी बाजारातून होल्स्टिन संकराची, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, ३०० किलोची गाय डोंगराकडच्या गावात आली. बाजारात आणि टेम्पोत मिळून दीड दिवस तिच्या पोटात काही नाही. वळवाचे दोन पाऊस झाले आहेत. गवताची अजून बोटभर लव आहे, पण घाणेरीला हिरवीगार पालवी फुटली आहे. गाय मोठी झाली गोठ्यातल्या हिरव्या मक्यावर; घाणेरी तिने कधी पाहिलेली नाही. मालकाने तिला गावच्या गुरांबरोबर सोडलं. गावची गुरं घाणेरी ओलांडून पुढे गेली, ही तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी ती चारा हुंगून सोडते, रवंथ बंद आहे, शेण कमी आणि घट्ट. मालकाला वाटतं, जागा बदलली म्हणून असं करत असेल. याच दिवशी ओळखणं सर्वात मोलाचं असतं, कारण लँटाडिनच्या परिणामाने कोटीपोटाची हालचाल मंदावते. खाल्लेला पाला पुढे न सरकता तिथेच राहतो आणि विष थोडं थोडं रक्तात जात राहतं. गाय घाणेरी खायची थांबली तरी विषबाधा थांबत नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसतात, लघवी गडद पिवळी होते. त्याच सुमारास नाकपुडीवरची कातडी लाल होऊन सोलते, पापण्या सुजतात, डोळ्यांतून पाणी गळतं, सडांना हात लावू देत नाही. काही दिवसांत पाठीवरचे पांढरे ठिपके भाजल्यासारखे होऊन कातडी तडकते आणि शेजारच्या काळ्या भागाला काहीच होत नाही. हे सगळं तसंच चालू राहिलं तर गाय साधारण दोन आठवड्यांत खंगून मरते.

पांढरंच का जळतं, हे कळलं की उपायही कळतो. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून कोटीपोटात फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य तयार होतं. निरोगी जनावरात यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. पित्त अडलं की ते रक्तात राहून कातडीपर्यंत पोचतं, आणि ऊन पडलं की तिथल्या पेशी जाळतं. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, गुलाबी कातडी अडवू शकत नाही. म्हणून खिलार बैल पांढरा दिसला तरी केसांखालची कातडी काळसर असल्याने तो असा जळत नाही, आणि म्हशीच्या अंगावर तर काही दिसतच नाही. तिथे डोळे, हिरड्या आणि लघवीचा रंग पाहणं हाच मार्ग. गोचीडतापातही कावीळ होते, पण त्यात अंगात सणसणून ताप असतो आणि काही प्रकारांत लघवी कॉफीसारखी लालसर येते. घाणेरीच्या बाधेत सहसा तसा ताप नसतो आणि जनावर सावली शोधत राहतं.

या गाईला पहिल्यांदा अंधाऱ्या, हवेशीर गोठ्यात बांधावं. दिवसभर दार लावून ठेवावं. झाडाखालची विरळ सावली पुरत नाही. दुसरं काम कोटीपोटातलं विष बांधून टाकण्याचं. यासाठी सक्रिय कोळशाची भुकटी वापरतात: मोठ्या जनावराला सुमारे अडीच किलो, वीसेक लिटर क्षारयुक्त पाण्यात कालवून, नळीने थेट पोटात. शेळी-मेंढीला अर्धा किलो, चारेक लिटर पाण्यात. एवढा कोळसा तालुक्याच्या दवाखान्यात नेहमी हाताशी नसतो. तेव्हा बेंटोनाइट माती वापरता येते. तिने गुण यायला थोडा उशीर लागतो, पण ती स्वस्त पडते. पाला खूपच गेला असेल तर पशुवैद्यक कोटीपोट उघडून तो काढून टाकतात. सोबत सलाईन आणि कातडीच्या जखमांवर मलम असतंच. कण्हेरीतही कोळसा आणि कोटीपोट रिकामं करणं हेच मुख्य, पण तिथे हाताशी असतात ते काही तास, आणि हृदयाची लय सांभाळणारी औषधं नाडी पाहत पाहतच द्यावी लागतात. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. कण्हेरीचा संशय असेल तर लक्षणं वाढायची वाट न पाहता तो लावावा.

ताक, तेल, गूळपाणी, चुलीतली राख पाजण्याची पद्धत जुनी आहे आणि ती पाजणाऱ्याची तळमळ खरी असते. पण चुलीतला कोळसा किंवा राख सक्रिय कोळशाचं काम करत नाही. सक्रिय कोळशाच्या प्रत्येक कणात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतच विष अडकतं. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. गलितगात्र जनावराला नीट गिळता येत नाही. मान वर धरून बाटली ओतली की अर्धं फुप्फुसात जातं, आणि विषातून वाचलेली गाय त्या न्यूमोनियाने मरते.

या सगळ्यावर गुराखी एक रास्त आक्षेप घेतील: आमची गुरं पिढ्यान् पिढ्या घाणेरीत चरतात, आम्हाला कधी असं दिसलं नाही. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते पुष्टीच देतं. त्याच रानात वाढलेलं, पोटभर गवत मिळणारं जनावर घाणेरीला क्वचितच तोंड लावतं, चार पानं गेली तरी तीन किलो जात नाहीत. पण हा अनुभव बाजारातून आलेल्या गाईला, दुष्काळात छावणीतून परतलेल्या बैलाला किंवा आई विकली गेलेल्या वासराला लागू पडत नाही. शेळ्यांबद्दलही असंच म्हणतात, की शेळी सगळं खाते आणि तिला काही होत नाही. शेळी इथे दोन पानं, तिथे चार पानं असं फिरत खाते, त्यामुळे घाणेरीची मात्रा सहसा भरत नाही. आवारात बांधलेल्या शेळीला ही सोय नसते, आणि कण्हेरीच्या बाबतीत तर ती दोन-चार पानंच तिला पुरतात.

तेव्हा खबरदारी नेमकी कुठे घ्यायची ते यातून ठरतं. नवं जनावर आणलं की पहिला आठवडाभर त्याला दावणीला पोटभर कडबा आणि पाणी द्यावं, मग पोट अर्धं भरलेलं असतानाच गावच्या गुरांत सोडावं. वळवानंतर गवत वीतभर होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे सर्वात नाजूक असतात. त्या दिवसांत चरायला सोडण्याआधी सकाळी दोन पेंढ्या कडबा टाकला तरी जनावर घाणेरीपाशी भुकेने थांबत नाही. त्यासाठी उन्हाळ्याच्या गंजीतला थोडा कडबा जूनसाठी राखून ठेवावा लागतो, आणि लहान शेतकऱ्याला हे सोपं नाही. पण गाईच्या किमतीपुढे तो कडबा फार नाही. प्रवासात उपाशी राहिलेल्या कळपाला घाणेरीच्या रानातून नेताना तिथे मुक्काम टाळावा. कण्हेर छाटली की पाला त्याच दिवशी उचलून जनावर उकरणार नाही इतक्या खोल पुरावा. त्याचा धूर अंगावर घेणंही बरं नव्हे, म्हणून जाळू नये. पाण्याच्या हौदावर तिची फांदी झुकू देऊ नये. रस्त्यांच्या दुभाजकांवर छाटणी करणाऱ्यांच्या कामाच्या अटींतच पाला त्याच दिवशी उचलून नेण्याची अट घातली, तर मेंढपाळांचं मोठं नुकसान टळेल.

मग ही झाडंच मुळापासून का काढू नयेत? गोठ्याच्या आवारातली, बांधावरची आणि हौदाजवळची कण्हेर काढणंच योग्य. देवळाची किंवा अंगणातली, जिथे गुरं पोचत नाहीत तिथली कण्हेर फुलांसाठी ठेवायला हरकत नाही. घाणेरीचं तसं नाही. ती जाळली तर बुंध्यातून नव्याने फुटते, वरवर तोडली तर अधिक दाट होते. फळं धरण्याआधी, जमीन ओली असताना, बुंध्याजवळची माती दोन-तीन इंच उकरून मूळ जिथे सुरू होतं त्याखाली तोडावी आणि झुडूप उलटं करून वाळू द्यावं. तोडलेला पाला वाळेपर्यंत तिथे गुरं सोडू नयेत, कारण कोमेजलेल्या पानातही विष असतं. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात मारवेल किंवा पवना गवताची ठोंबं लावावीत. ती जागा उघडी राहिली तर पाखरांनी टाकलेल्या बियांतून दुसऱ्या वर्षी घाणेरीच उगवते; गवताने धरली तर निदान जूनच्या शेवटी तिथे गाईला खायला दुसरं काहीतरी असतं. एकदा उपटून भागत नाही. दोन-तीन पावसाळे तरी नवी रोपं हाताने काढावी लागतात, आणि गायरान साऱ्या गावाचं असल्याने ते काम एकट्या घराला पेलणारं नाही. ग्रामपंचायतीने रोजगार हमीच्या कामांत ते घेतलं, तर मात्र उन्हाळ्याच्या शेवटी हाताला काम आणि पावसाळ्यात गुरांना चारा, दोन्ही एकाच जमिनीतून निघतं.